दोन कोटेशनं आणि मालकांचा होकार: भाड्याच्या घराची मोठी दुरुस्ती सुरू होण्याआधी

भाड्याच्या घरात मोठं काम निघालं की मालकांना फोन जातो आणि पलीकडून बहुतेक वेळा एकच उत्तर येतं: "बघा की तुम्हीच. चांगलं करून घ्या म्हंजे झालं." भाडेकरू खूश होतो, गवंडी बोलावतो, काम होतं आणि बिल पाठवलं की तेच मालक विचारतात, "एवढं? मला वाटलं तीस-चाळीस हजारांत होईल." खोटं कोणीच बोललेलं नसतं. फोनवर होकार मिळाला होता, पण तो नक्की कशाला मिळाला हे दोघांच्या डोक्यात वेगवेगळं होतं.

हा लेख त्या होकाराबद्दल आहे. दोन कंत्राटदारांची कोटेशनं हातात आहेत, काम मालकांच्या मालमत्तेचं आहे आणि राहणारे तुम्ही आहात. अशा वेळी मालकांसमोर काय ठेवायचं आणि त्यांच्याकडून काय लिहून घ्यायचं, ते एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण रचलेलं आहे. त्यातले दर हिशेब समजावा म्हणून घेतलेत, बाजारभाव म्हणून धरू नका.

कोल्हापुरात राजारामपुरीतलं दुमजली घर. वरच्या मजल्यावर भाडेकरू कुटुंब राहतं. नोंदणी केलेला भाडेकरार आहे, भाडं महिना ९,००० रुपये. मालक काका मुलाकडे पुण्याला असतात. गच्ची २० बाय ३० फूट, म्हणजे ६०० चौरस फूट. मागच्या बेडरूमच्या छताचा गिलावा फुगत होता. फेब्रुवारीत त्यातला दोन-तीन फुटांचा तुकडा कॉटवर पडला आणि वर गंजलेली सळई दिसू लागली. पावसाळ्यात तिथून पाणी ठिबकतं, हे दोन वर्षं सगळ्यांना माहीत होतं.

पहिला प्रश्न येतो तो खर्च कोणी करायचा हा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवण्याची जबाबदारी मालकाची असते. "वेगळं काही ठरलं नसेल तर" हे शब्द महत्त्वाचे आहेत, म्हणून आधी आपला करार काढून वाचा. बहुतेक करारांत "किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने व मोठी दुरुस्ती मालकाने करावी" असं एक वाक्य असतं. नळाचा वॉशर किरकोळ आणि स्लॅब मोठा, यावर कोणाचा वाद होत नाही. वाद होतो तो मधल्या गोष्टींवर, पण इथे तसं काही नाही.

त्याच कलमात भाडेकरूला एक वाटही दिली आहे. मालकाला लेखी नोटीस द्यायची. वाजवी मुदतीत, जी पंधरा दिवसांपेक्षा कमी असू शकत नाही, त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने स्वतः करून घ्यायची आणि खर्च भाड्यातून वळता करायचा. खर्चाचा हिशेब आणि पावत्या नीट ठेवल्या असतील तर त्या मालकावर बंधनकारक असतात, असंही कायदा सांगतो. हे ऐकून पुष्कळांना वाटतं की मग विचारायचंच कशाला, नोटीस द्यावी आणि कामाला लागावं.

पुढची अट वाचली की हा उत्साह मावळतो. एका वर्षात वळती किंवा वसूल करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापेक्षा जास्त असू शकत नाही. आपल्या उदाहरणात वर्षाचं भाडं १,०८,००० रुपये, म्हणजे मर्यादा २७,००० रुपये. स्लॅब आणि गच्चीचं काम दीड-पावणेदोन लाखांचं. दरवर्षी २७,००० धरत गेलं तरी साडेपाच ते साडेसहा वर्षं आपलेच पैसे फेडून घेत बसावं लागेल. दहा-पंधरा हजारांच्या कामासाठी कलम १४ चांगलं आहे. मोठ्या कामात मात्र भाडेकरूचा खरा आधार मालकांची आगाऊ लेखी मंजुरी हाच असतो.

अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहत असाल तर ही गोष्ट जास्तच लागू आहे. तुम्ही कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक असता आणि कलम १४ भाडेकरूंबद्दल बोलतं. शिवाय अकरा महिन्यांचं सगळं भाडं मिळून ९९,००० रुपये होतं. पावणेदोन लाख खिशातून घालून ते भाड्यातून फिटण्याआधीच करार संपेल.

आता कोटेशनांकडे येऊ. भाडेकरू ताईंनी दोन कंत्राटदारांना गच्ची दाखवली. त्यांना आपण 'अ' आणि 'ब' म्हणू.

'अ'चं कोटेशन छापील लेटरहेडवर, चार ओळींचं. गच्ची वॉटरप्रूफिंग, केमिकल कोटिंग, ६०० चौरस फूट, दर १३०, एकूण ७८,०००. बेडरूम स्लॅब दुरुस्ती एकरकमी २०,०००. बेरीज ९८,०००. खाली ठळक अक्षरांत दहा वर्षांची गॅरंटी आणि बारीक अक्षरांत "जीएसटी वेगळा".

'ब'चं कोटेशन वहीच्या पानावर, हातानं लिहिलेलं. जुना कोबा फोडणे २७,०००. खरमाती खाली उतरवून नेणे १८,०००. नवीन ब्रिकबॅट कोबा, वर चायना मोझॅक, ६०० चौरस फूट, दर १४०, म्हणजे ८४,०००. कठड्याला आतून गिलावा आणि वाटा, १०० फूट लांबी, दर १२०, म्हणजे १२,०००. बेडरूम स्लॅब, ८० चौरस फूट, दर ३५०, म्हणजे २८,०००. बेरीज १,६९,०००. गॅरंटीचा उल्लेख नाही, मुदत नाही.

ही दोन्ही पानं तशीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून "काका, कुठलं करू?" असं विचारलं, तर पुण्यात बसलेल्या माणसाला दोन आकडे दिसतील. एक ९८ हजारांचा आणि दुसरा १ लाख ६९ हजारांचा. त्यांनी 'अ' म्हटलं तर त्यांचं काय चुकलं? चूक विचारणाऱ्याची आहे, कारण ही एकाच कामाची दोन कोटेशनं नाहीतच. कामंच दोन आहेत.

फरक कुठे आहे ते समजायला गच्ची आतून कशी असते ते पाहावं लागतं. खाली काँक्रीटचा स्लॅब. त्याच्यावर विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर, तो कोबा. हा थर पाण्याला उतार देतो आणि ऊनही अडवतो. त्याला भेगा पडल्या, किंवा गच्ची आणि कठडा जिथे भेटतात तिथला गोल वाटा सुटला, की पाणी कोब्यात शिरतं. विटेचे तुकडे ते धरून ठेवतात. म्हणूनच पाऊस थांबून आठ-पंधरा दिवस झाले तरी छत ओलं राहतं. हे पाणी हळूहळू स्लॅबमध्ये झिरपतं, सळई गंजते, गंजाचा फुगवटा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि खालचं काँक्रीट आणि गिलावा ढकलून पाडतो. कॉटवर पडलेला तुकडा वरच्या पाण्याची ही शेवटची खूण होती.

आता 'अ' जुन्या कोब्यावरून रंगासारखं केमिकल मारणार आहे. कोबा घट्ट असेल, भेगा वरवरच्या असतील, तर ते वाईट काम नाही. काही वर्षं निघतात. पण कोबा सुटलेला असेल तर आत अडकलेलं पाणी आतच राहतं, उन्हानं त्याची वाफ होते आणि कोटिंगला फोड येतात. कोबा कसा आहे हे कळायला महागडं यंत्र लागत नाही. हातोडीनं किंवा लोखंडी पहारीनं गच्चीवर फूट-दीड फुटाच्या अंतरानं ठोकत जायचं. घट्ट जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी बद्द, पोकळ. पोकळ जागा खडूनं आखत गेलं की तासाभरात नकाशा तयार होतो. त्याचा वरून काढलेला एक फोटो मालकांना दहा मिनिटांच्या फोनपेक्षा जास्त सांगतो.

त्याआधी एक खात्री मात्र करायची. पाणी नक्की पावसाचंच आहे का? ओल एप्रिल-मेमध्येही तशीच असेल, तर वरची टाकी, तिचा ओव्हरफ्लो किंवा भिंतीतला पाईप तपासायला हवा. पाईप गळतोय आणि आपण गच्ची फोडली, असं होतं. या घरात मार्चअखेर छत पूर्ण वाळलेलं होतं, त्यामुळे टाकीवरचा संशय गेला.

तिसरा माणूस कधीकधी मधला मार्ग सुचवतो: जुना कोबा फोडायचा नाही, त्याच्यावरच नवा घालायचा. फोडण्याचे आणि खरमातीचे पैसे वाचतात. हे ऐकूनच नाही म्हणावं असं माझं स्पष्ट मत आहे. साडेचार इंच जाडीचा कोबा दर चौरस फुटाला सुमारे २० किलो भरतो. ६०० चौरस फुटांना १२ टन झाले. ज्या स्लॅबची सळई गंजली आहे, त्याच्यावर आणखी १२ टन कायमचे ठेवायचे?

स्लॅबचं काम दोघांच्या कोटेशनांत आहे, पण 'अ'च्या "एकरकमी २०,०००" मध्ये काय येतं ते कळत नाही. नुसता सिमेंटचा थर मारून रंग देणं हीसुद्धा दुरुस्तीच म्हणवली जाते. नीट काम म्हणजे खालून टेकू लावायचे, सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढायचं, तारेच्या ब्रशनं गंज घासून लोखंड चकचकीत करायचं, त्यावर गंजरोधक कोट द्यायचा आणि मग पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरनं थराथरानं भरायचं. सळई घासल्यावर तिची जाडी मोजायची. मूळ ८ मिलिमीटरची सळई साडेसहा भरली तर दीड मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण ताकद आडव्या छेदावर अवलंबून असते आणि त्या हिशेबानं लोखंडाचा सुमारे एक तृतीयांश भाग गेलेला असतो. तिथे गवंड्याच्या अंदाजावर विसंबू नये. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून शेजारी नवी सळई बांधायची का ते ठरवावं. इंजिनिअरच्या भेटीची फी कोण देणार, हेही मालकांना विचारायच्या गोष्टींत धरा.

तर ताईंनी काय केलं? 'ब'च्या पानावरची कामं एका कागदावर उतरवली, रकमा झाकल्या आणि 'अ'ला म्हटलं, याच कामांचे तुमचे दर द्या. दोन दिवसांनी 'अ'चं दुसरं कोटेशन आलं. कोबा फोडून खरमाती नेणे ४२,०००. नवा कोबा ८०,०००. कठडा १०,०००. स्लॅब ८० चौरस फूट, दर ४००, म्हणजे ३२,०००. बेरीज १,६४,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी २९,५२०. एकूण १,९३,५२०.

मग 'ब'लाही राहिलेल्या गोष्टी विचारल्या. टेकू धरलेत का? धरलेत. जीएसटी? नोंदणी नाही, लागणार नाही. हे त्याच्याकडून लिहून घेतलं, कारण बिलाच्या वेळी "आता नोंदणी केली आहे" असं ऐकायला मिळू शकतं. मुदत? पंचवीस दिवस. गळतीची जबाबदारी? तीन वर्षं, कोबा आणि वाटा दोन्हींसाठी, लेखी. 'अ'ची दहा वर्षांची गॅरंटी दिसायला मोठी होती. वाचल्यावर कळलं की ती कोटिंगच्या मालाची आहे आणि "स्ट्रक्चरल भेगांमुळे होणारी गळती वगळून" आहे. म्हणजे गळलं तर माल चांगला होता, भेग तुमची. अशा गॅरंटीपेक्षा तीन वर्षांची साधी जबाबदारी मी पसंत करेन.

पहिल्या दिवशी 'अ' ७१,००० रुपयांनी स्वस्त दिसत होता. एकाच कामाची तुलना केल्यावर 'ब' २४,५२० रुपयांनी स्वस्त निघाला. तरी 'अ'चं मूळ कोटेशन फेकून द्यायचं नाही. जीएसटी धरून १,१५,६४० रुपयांत तात्पुरता इलाज, हा पर्याय मालकांचा आहे. त्यांना दोन वर्षांत घर पाडून नवं बांधायचं असेल, तर १,६९,००० चा कोबा कशाला घालायचा? हे ठरवणं त्यांच्या हातात आहे. आपलं काम एवढंच की तो पर्याय काय देतो आणि काय देत नाही हे लपवायचं नाही.

दोघांपैकी कोणी आपला नातेवाईक किंवा ओळखीचा असेल तर तेही पहिल्याच पत्रात सांगून टाकावं. नंतर दुसऱ्याकडून कळलं तर चांगल्या कोटेशनवरही संशय येतो.

आता पत्र. फोन जरूर करा, पण विचारणा लेखी हवी. ई-मेल चालतो, व्हॉट्सअ‍ॅप चालतो, मालक वयस्कर असतील तर रजिस्टर्ड पोस्टानं प्रतही पाठवा. ताईंचं पत्र साधारण असं होतं:

"काका, स.न.वि.वि. फोनवर बोलणं झालं त्याप्रमाणे लिहिते आहे. मागच्या बेडरूमच्या छताचा तुकडा पडला, सळई उघडी आहे. खोली आम्ही रिकामी केली आहे आणि खाली टेकू लावले आहेत. गच्चीवरच्या पोकळ जागा खडूनं आखल्या आहेत, फोटो सोबत आहेत.

दोन कंत्राटदारांकडून एकाच कामाची कोटेशनं घेतली. 'अ' १,९३,५२० जीएसटीसह. 'ब' १,६९,०००, जीएसटी नाही. दोन्ही कागद सोबत आहेत. 'अ'चा कोबा न फोडता नुसत्या कोटिंगचा पर्यायही आहे, १,१५,६४०, पण निम्म्याहून जास्त गच्ची पोकळ वाजते, त्यामुळे तो किती टिकेल याची शंका वाटते. माझं मत 'ब'. दोघांपैकी कोणीही आमच्या नात्यातलं नाही.

कृपया यांपैकी एक कळवा: 'ब' मंजूर; किंवा 'अ' मंजूर, कुठला पर्याय ते लिहून; किंवा दोन्ही नकोत, तुम्ही तुमचा माणूस पाठवता, कधी येईल त्या तारखेसह.

पैसे तुम्ही थेट कंत्राटदाराला द्यावेत असं वाटतं. फोडल्यावर जादा काम निघालं तर कोटेशनमधल्याच दरानं, आणि तुम्हाला फोटो पाठवून, तुमचा होकार आल्यावरच होईल. काम पंचवीस दिवसांचं आहे आणि वळीव सुरू व्हायच्या आत बरंचसं उरकायला हवं, म्हणून ५ एप्रिलपर्यंत उत्तर मिळालं तर बरं. काकूंना नमस्कार."

पत्रात नोटिशीची भाषा नाही, हे मुद्दाम. कलम १४ ची नोटीस वेगळी असते आणि ती शेवटी काढायची. पहिल्याच पत्रात कलमं घातली की मालक कोटेशन वाचायचं सोडून वकिलाला फोन करतात. तारीख मात्र हवीच. कोल्हापुरात एप्रिल-मेमध्ये कधीही वळवाचा पाऊस येतो आणि जूनपासून खरा पावसाळा. कोबा घातल्यावर आठवडाभर तरी पाणी मारून मुरवावा लागतो. मे महिन्यात होकार आला तर गच्ची फोडलेल्या अवस्थेत पाऊस गाठेल, आणि ती न फोडलेल्या गच्चीपेक्षाही वाईट स्थिती. एप्रिलच्या मध्यापर्यंत सुरुवात होत नसेल तर स्लॅबला टेकू ठेवून, गच्चीवर ताडपत्री टाकून दसऱ्यानंतर काम धरणं शहाणपणाचं.

उत्तरात काय हवं? "ठीक आहे" किंवा अंगठ्याची खूण पुरेशी नाही, आणि दोन निळ्या टिकांना तर होकार म्हणताच येत नाही. कुठलं कोटेशन, किती रकमेपर्यंत आणि पैसे कोण देणार, या तिन्ही गोष्टी मालकांच्या शब्दांत यायला हव्यात. मालक लिहायला कंटाळत असतील तर आपणच फोननंतर मेसेज करायचा: "आत्ता बोललो त्याप्रमाणे 'ब' मंजूर, १,६९,००० पर्यंत, पैसे तुम्ही थेट देणार. बरोबर ना?" त्यावर त्यांचं "हो बरोबर" आलं की काम झालं.

घर भावाभावांच्या नावावर असेल तर भाडं घेणाऱ्या एकाचा होकार घेऊन थांबू नका. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर तीन नावं लागलेली असतात आणि खर्चाच्या वेळी धाकटे भाऊ "आम्हाला कोणी विचारलं?" म्हणतात. सगळ्यांचा मिळून एक ग्रुप करा आणि पत्र तिथेच टाका.

मालक म्हणाले, "तुम्ही आत्ता भरा, भाड्यातून कापू", तर त्याचाही हिशेब शब्दांत यायला हवा. दरमहा किती कापायचे, किती महिने, आणि मध्येच घर सोडावं लागलं तर उरलेली रक्कम कधी परत मिळणार. ९,००० भाड्यातून दरमहा ५,००० कापले तरी १,६९,००० फिटायला चौतीस महिने लागतात. करार त्याआधी संपत असेल तर तो आधी वाढवून घ्या, नाहीतर या व्यवस्थेला हो म्हणू नका.

काका कधीकधी तिसराच विचार मांडतात: गच्चीवर पत्र्याचं शेड टाकून घेऊ, कटकटच नको. शेड ही दुरुस्ती नाही, नवं बांधकाम आहे. भाडेकरूनं मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केलं, तर त्याच कायद्याच्या कलम १६ खाली मालकाला घर खाली करून मागता येतं. म्हणून शेडचा विषय निघाला तर ते काम मालकांनी स्वतः, महापालिकेची परवानगी पाहून करावं. आपण त्यात ठेकेदार आणू नये.

मालकांनी दोन्ही नाकारलं, स्वतःचा माणूसही पाठवला नाही, तर मग कलम १४ ची नोटीस. सळई उघडी असल्यामुळे जिवाचा धोका असेल तर महापालिकेकडे धोकादायक बांधकामाची लेखी तक्रारही करता येते. खोली वापरात नसणं आणि टेकू लावलेले असणं हे तोवर पाहायचंच, त्यासाठी कोणाच्या होकाराची वाट पाहू नये.

होकार आल्यावर पैशांचे टप्पे ठरवताना मालकांना पुण्यात बसून काय तपासता येईल ते बघा. या कामात असं ठरलं: सुरुवातीला ३०,०००. कोबा फोडून खरमाती गेल्यावर आणि स्लॅबची सळई घासल्यावर फोटो पाहून ५५,०००. खरमाती १२ टनांच्या आसपास, म्हणजे ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या चार-पाच खेपा. ती गच्चीच्या कोपऱ्यात ढीग करून ठेवायची नाही, रोजच्या रोज खाली उतरवायची, हे मुकादमाला पहिल्याच दिवशी सांगितलं.

पुढचे ६७,००० पाण्याच्या चाचणीनंतर. पाणी दोनदा कोंडायचं. पहिल्यांदा स्लॅब साफ करून, भेगा भरून, खालचा वॉटरप्रूफ थर दिल्यावर, कोबा घालण्याआधी. पन्हाळीची तोंडं बंद करायची, दोन इंच पाणी भरायचं आणि दोन दिवस खालचं छत पाहायचं. गच्चीवरच्या पाण्याची पातळी थोडी खाली गेली म्हणून घाबरू नये, एप्रिलच्या उन्हात काही पाणी उडतंच. ओल खाली दिसते का, तेच बघायचं. ही पहिली चाचणी कंत्राटदार टाळतात, कारण काम दोन दिवस थांबतं. पण दोष सापडला तर तो उघड्यावर असतो, दुरुस्त करता येतो. कोबा घातल्यावर सापडला तर पुन्हा फोडणं आलं. म्हणून ती कोटेशनमध्येच लिहून घ्या आणि मालकांच्या मंजुरीतही तिचा उल्लेख येऊ द्या. दुसरी चाचणी चायना मोझॅक झाल्यावर.

उरलेले १७,००० जुलैअखेरपर्यंत राखून ठेवायचे. 'ब' यावर कुरकुरला, दहा टक्के इतके दिवस अडकवून ठेवायचे म्हणजे काय, म्हणाला. शेवटी असं ठरलं की सलग आठ दिवस पाऊस पडून छत कोरडं राहिलं, तर तारीख न पाहता पैसे द्यायचे. जुलैत कोल्हापुरात त्यासाठी फार वाट पाहावी लागत नाही.